दोनशे व्होल्ट कुठे गेले?

पदविकेच्या वर्गाला डीसी मोटरचा पहिला प्रयोग असतो, त्या दिवशी मोटरला हात लावण्याआधी मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. पुरवठा २२० व्होल्ट. आर्मेचरचा रोध १ ओहम. मग विचारतो, "ओहमच्या नियमाने सांगा, आर्मेचरमधून किती करंट जाईल?" उत्तर एका दमात येते : २२० अँपिअर. त्यानंतर मोटर सुरू करून तिच्यावर पूर्ण भार चढवला जातो आणि मुले ॲमीटरभोवती गोळा होतात. काटा २० वर उभा असतो.

ओहमचा नियम खोटा नाही. १ ओहम रोधातून २० अँपिअर जात असतील, तर त्या रोधावर २० व्होल्टच पडले असणार. पण आर्मेचरच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावला तर तो २२० दाखवतो. म्हणजे उरलेल्या २०० व्होल्टचा हिशेब लागत नाही. ते रोधावर पडलेले नाहीत, तारेत कुठे गळतीही नाही. या २०० व्होल्टचा पत्ता सापडला की डीसी मोटर समजली, असे मी मानतो. तो पत्ता शोधायला आपल्याला मोटरच्या पोटातल्या एका तारेपासून निघावे लागेल.

एका तारेवरचा धक्का

समोरची मोटर ३.७ किलोवॅटची, म्हणजे ५ अश्वशक्तीची आहे असे धरू. वेग मिनिटाला १५०० फेरे. बाहेरच्या लोखंडी चौकटीला आतून चार पोल बसवलेले आहेत. त्यांच्यावरच्या फील्ड वाइंडिंगमधून साधारण १ अँपिअर करंट वेगळा वाहतो आणि पोल चुंबक होतात : एक उत्तर, पुढचा दक्षिण, पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण. मधल्या पोकळीत शाफ्टवर बसवलेले आर्मेचर फिरते. त्याचा व्यास १७ सेंटिमीटर आणि लांबी १५ सेंटिमीटर. त्याच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने खाचा आहेत आणि त्या खाचांत तांब्याचे एकूण ८०० कंडक्टर बसवले आहेत. लॅप वाइंडिंगमुळे ते चार समांतर वाटांत विभागले गेले आहेत. २० अँपिअर करंट चार वाटांत वाटला गेला की प्रत्येक कंडक्टरच्या वाट्याला ५ अँपिअर येतात. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी नेटके घेतले आहेत, पण ते या आकाराच्या मोटरला शोभतील असेच आहेत.

आता या ८०० मधला एकच कंडक्टर घेऊ. तो उत्तर पोलच्या तोंडाखाली आहे. पोलमधून निघालेले चुंबकीय क्षेत्र हवेची पातळ फट ओलांडून आर्मेचरमध्ये शिरते, म्हणजे कंडक्टरला आडवे भेटते. चुंबकीय क्षेत्रात करंट वाहणाऱ्या तारेवर बल येते आणि ते बल क्षेत्राला आणि तारेला, दोघांनाही काटकोनात असते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम याचीच आठवण करून देतो : तर्जनी क्षेत्राच्या दिशेने, मधले बोट करंटच्या दिशेने, मग अंगठा ज्या दिशेला निघतो तिकडे तार ढकलली जाते. आर्मेचरवर ही दिशा परिघाला धरून येते. चाकाच्या कडेला हाताने ढकलावे, तसे.

धक्का किती? क्षेत्राची सरासरी तीव्रता ०.५ टेस्ला, करंट ५ अँपिअर, तारेची लांबी ०.१५ मीटर. तिघांचा गुणाकार ०.३७५ न्यूटन. हे जेमतेम अडतीस ग्रॅमचे वजन झाले. एवढ्याशा धक्क्याने काय होणार, असे वाटते. पण असे ८०० कंडक्टर एकाच वेळी एकाच दिशेने ढकलत आहेत. एकूण बल ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे तीस किलोचे. ते शाफ्टच्या मध्यापासून ८.५ सेंटिमीटर अंतरावर लागते. बल गुणिले अंतर, म्हणजे टॉर्क : ३०० × ०.०८५ = २५.५ न्यूटन-मीटर. शाफ्टला एक मीटर लांबीचा पाना लावून त्याच्या टोकाला दोन किलो सहाशे ग्रॅमचे वजन टांगले, तर शाफ्टला जेवढा पीळ बसेल तेवढा हा टॉर्क आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. खाचेत दडलेल्या तारेपर्यंत क्षेत्र फारसे पोहोचतच नाही. ते सोप्या वाटेने, म्हणजे खाचांमधल्या लोखंडी दातांतून जाते. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक धक्का तांब्याला न बसता दातांना बसतो. हे तारेच्या दृष्टीने फार बरे, नाहीतर तिचे इन्सुलेशन लवकरच घासून गेले असते. टॉर्कचे उत्तर मात्र दोन्ही हिशेबांनी तेच येते, म्हणून आपण तारेवरचे बल धरूनच पुढे जाऊ.

"सगळे एकाच दिशेने ढकलतात" हे मी सहज म्हणून गेलो, पण ते आपोआप घडत नाही. उत्तर पोलखालचा कंडक्टर अर्ध्या क्षणात दक्षिण पोलखाली पोहोचतो. तिथे क्षेत्र उलटे. करंट तोच राहिला तर धक्काही उलटा बसेल, आणि आर्मेचर पुढे जायच्या ऐवजी मागे ओढले जाईल. म्हणून कंडक्टर दोन पोलांच्या मधल्या जागेतून जात असतानाच त्यातला करंट उलटवावा लागतो. हे काम कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले कार्बन ब्रश करतात. क्षेत्र उलटले, करंटही उलटला, बलाची दिशा कायम राहिली. आपल्या मोटरमध्ये सेकंदाला २५ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात चार पोल येतात. म्हणजे प्रत्येक कंडक्टरमधला करंट सेकंदाला शंभर वेळा उलटतो. बाहेरून डीसी दिलेल्या मोटरच्या पोटात एसीच वाहत असतो.

तीच तार, दुसरी गोष्ट

आतापर्यंत आपण कंडक्टर जणू थांबलेला आहे असे धरले. पण तो धावतो आहे. आर्मेचरचा परीघ ५३.४ सेंटिमीटर आणि सेकंदाला २५ फेरे, म्हणजे कंडक्टरचा वेग सेकंदाला १३.३५ मीटर, ताशी जवळपास ४८ किलोमीटर. चुंबकीय क्षेत्र कापत धावणाऱ्या तारेत व्होल्टेज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. क्षेत्राला हे माहीत नसते की तार जनरेटरमधली आहे की मोटरमधली. तार हलली की व्होल्टेज आलेच.

किती? क्षेत्र ०.५ टेस्ला, लांबी ०.१५ मीटर, वेग १३.३५. गुणाकार बरोबर १ व्होल्ट. एका कंडक्टरमध्ये एक व्होल्ट. ८०० कंडक्टर चार वाटांत आहेत, म्हणजे एका वाटेत २०० कंडक्टर एकामागे एक जोडलेले. त्यांचे व्होल्ट बेरजेने वाढतात : दोनशे.

हरवलेले दोनशे व्होल्ट हेच. मोटर फिरते म्हणून तिच्याच तारांत ते तयार होतात आणि पुरवठ्याच्या विरुद्ध उभे राहतात. विरुद्ध असतात म्हणून त्यांना बॅक ईएमएफ म्हणतात. बाहेरून २२० व्होल्ट आत ढकलतात, आतून २०० व्होल्ट बाहेर ढकलतात. रोधाच्या वाट्याला उरतात फक्त २०, आणि १ ओहममधून २० व्होल्ट २० अँपिअरच पाठवू शकतात. सूत्राच्या भाषेत :

V = Eb + Ia × Ra

२२० = २०० + २० × १. हिशेब लागला.

हा विरोध कशासाठी, असे मुले विचारतात. लेन्झचा १८३४ चा नियम त्याचे उत्तर देतो : निर्माण होणारे व्होल्टेज ज्या कारणाने ते निर्माण झाले त्याच्या विरोधात उभे राहते. तरीही एखाद्याला पटत नाही. त्याला मी उलटी कल्पना करायला सांगतो. समजा हे व्होल्टेज पुरवठ्याच्या बाजूने उभे राहिले असते, तर मोटर जरा फिरताच करंट वाढला असता, करंट वाढल्याने टॉर्क वाढला असता, टॉर्कने वेग आणि वेगाने पुन्हा करंट. मोटर फुकटात काम करत सुटली असती. निसर्ग असे फुकट काही देत नाही.

त्याहून खोल उत्तर तारेतल्या विद्युतभाराकडे पाहिले की मिळते. तारेतल्या प्रत्येक भाराला एकाच वेळी दोन वेग असतात. करंट म्हणून तो तारेच्या लांबीने सरकतो, आणि तार धावते म्हणून तिच्याबरोबर आडवाही जातो. चुंबकीय बल नेहमी वेगाला काटकोनात येते. लांबीच्या दिशेच्या वेगामुळे आलेले बल तारेला आडवे ढकलते. तो टॉर्क. आडव्या वेगामुळे आलेले बल भाराला तारेच्या लांबीने, करंटच्या उलट रेटते. ती बॅक ईएमएफ. टॉर्क आणि बॅक ईएमएफ या दोन वेगळ्या घटना नाहीत. एकाच बलाची ती दोन अंगे आहेत, आणि एक हवे, दुसरे नको, असे करता येत नाही.

ज्याला तोटा समजतात

तोंडी परीक्षेत "बॅक ईएमएफ म्हणजे काय?" या प्रश्नावर बरेच विद्यार्थी म्हणतात, "सर, तो मोटरमधला लॉस आहे." पुरवठ्याला विरोध करते म्हणजे वाईटच असणार, असा त्यामागचा विचार असतो. याच ठिकाणी हा विषय हातातून निसटतो, म्हणून पुन्हा आपल्या एका कंडक्टरकडे जाऊ.

त्या कंडक्टरमध्ये १ व्होल्टची बॅक ईएमएफ आहे आणि तिच्या विरुद्ध ५ अँपिअर करंट ढकलला जातो. त्यासाठी पुरवठ्याला ५ वॅट शक्ती खर्च करावी लागते. आता यांत्रिक बाजू पाहा. कंडक्टरवर ०.३७५ न्यूटन बल आहे आणि तो सेकंदाला १३.३५ मीटर वेगाने त्या बलाच्या दिशेने चालला आहे. बल गुणिले वेग : ५ वॅट. विजेच्या बाजूने ५ वॅट गेले आणि शाफ्टच्या बाजूने तेवढेच ५ वॅट निघाले, मध्ये एक कणही सांडला नाही. ८०० कंडक्टरांचे मिळून ४००० वॅट.

म्हणजे बॅक ईएमएफ ही विजेचे रूपांतर जिथे होते ती जागा आहे. आर्मेचरमध्ये २२० × २०, म्हणजे ४४०० वॅट येतात. त्यातले २० व्होल्ट × २० अँपिअर, म्हणजे ४०० वॅट रोधात उष्णता होऊन वाया जातात. तोटा म्हणायचा तर तो हा. उरलेले २०० × २० = ४००० वॅट बॅक ईएमएफच्या विरुद्ध खर्च होतात आणि यांत्रिक शक्ती बनतात. त्यातले सुमारे ३०० वॅट बेअरिंगचे घर्षण, हवा आणि लोखंडातील तोटा खातात, आणि शाफ्टवर ३७०० वॅट मिळतात. पाटीवर छापलेले ३.७ किलोवॅट ते हेच. बॅक ईएमएफ नसलेल्या मोटरला दिलेली सगळी वीज फक्त तांबे तापवण्यात गेली असती. ती मोटर नसती, हीटर असता.

भार वाढला हे मोटरला कसे कळते

मोटरला जोडलेल्या यंत्रावर भार वाढवला की ती आपणहून जास्त करंट घेते. कुणी तिला सांगत नाही, कुठला नॉब फिरवत नाही. हे काम बॅक ईएमएफ करते.

समजा भार निम्मा आहे आणि करंट १० अँपिअर. तेव्हा बॅक ईएमएफ २२० – १० = २१० व्होल्ट. बॅक ईएमएफ वेगाच्या प्रमाणात असते, आणि २०० व्होल्टला १५०० फेरे पडतात, म्हणून २१० व्होल्टला १५७५ फेरे. आता भार एकदम दुप्पट केला. त्या क्षणी टॉर्क अजून जुनाच आहे, तो कमी पडतो, म्हणून आर्मेचर मंदावू लागते. वेग उतरतो तशी बॅक ईएमएफ उतरते. ती उतरते तसा पुरवठा आणि तिच्यातला फरक वाढतो, करंट वाढतो, आणि करंटच्या प्रमाणात टॉर्क वाढतो. टॉर्क भाराइतका झाला की मंदावणे थांबते. तेव्हा करंट २० अँपिअर, बॅक ईएमएफ २०० व्होल्ट, वेग १५०० फेरे.

यातले प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. वेग १५७५ वरून १५०० वर आला, म्हणजे शंभरात पाचही कमी झाला नाही. तेवढ्यात करंट दुप्पट झाला. कारण करंट ठरतो तो २२० आणि २१० यांच्यातल्या छोट्या फरकावर. मोठ्या आकड्यात जरासा बदल झाला की छोटा फरक दुप्पट होतो. शंट मोटरचा वेग भार बदलूनही जवळपास स्थिर राहतो, तो यामुळेच.

हाच फरक उलटाही होऊ शकतो. बाहेरून कुणी ही मोटर १८०० फेऱ्यांनी फिरवली, तर बॅक ईएमएफ २४० व्होल्ट होईल. ती पुरवठ्याहून २० ने जास्त, म्हणून २० अँपिअर करंट उलट दिशेने, पुरवठ्याकडे वाहील. एका तारेचीही जोडणी न बदलता मोटरचा जनरेटर झाला. ग्रामच्या यंत्राबाबत हेच १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात लोकांनी पाहिले : जनरेटर म्हणून बनवलेल्या एका यंत्राला दुसऱ्या तशाच यंत्राची वीज दिली, आणि ते मोटर म्हणून फिरू लागले.

पहिला सेकंद

बॅक ईएमएफ करंटला आवर घालते खरी, पण ती वेगातून जन्मते. वेग शून्य, तर तीही शून्य. स्विच पाडल्याच्या क्षणी आर्मेचर उभे असते. तेव्हा फळ्यावरचे पहिले उत्तर खरे ठरते : २२० अँपिअर, पूर्ण भाराच्या अकरापट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती अकरापट नव्हे, एकशे एकवीसपट होते. ४०० वॅटऐवजी ४८ किलोवॅट. २ किलोवॅटचे चोवीस गीझर एकदम लावावेत, तेवढी उष्णता एका बादलीत मावेल अशा आर्मेचरमध्ये. त्याच वेळी ब्रशखाली ठिणग्या उडतात, कम्युटेटरच्या पट्ट्या करपतात आणि अकरापट टॉर्कचा हिसका शाफ्टच्या कपलिंगला बसतो.

यातली खरी अडचण वेळेची आहे. आर्मेचरमधला करंट काही शतांश सेकंदांत वर चढतो. जड आर्मेचरला वेग घ्यायला मात्र सेकंद लागतात. रक्षक पोहोचेपर्यंत दार उघडे असते, म्हणून तेवढ्यापुरता दुसरा रक्षक ठेवावा लागतो. तो म्हणजे स्टार्टरमधला रोध.

प्रयोगशाळेतल्या थ्री-पॉइंट स्टार्टरची मूठ आपण पहिल्या बिंदूवर आणतो, तेव्हा आर्मेचरच्या एकसरीत सगळा रोध येतो. सुरुवातीचा करंट ३० अँपिअरवर, म्हणजे दीडपटीवर ठेवायचा असेल, तर एकूण रोध २२० ÷ ३० = ७.३३ ओहम हवा. १ ओहम आर्मेचरचा आहेच, म्हणून ६.३३ ओहम बाहेरून. मोटर हळूहळू वेग घेते, बॅक ईएमएफ वाढते, करंट उतरू लागतो. तो २० अँपिअरवर आला तेव्हा रोधावर २० × ७.३३, म्हणजे १४६.७ व्होल्ट पडत असतात, आणि बॅक ईएमएफ ७३.३ व्होल्ट झालेली असते. वेग साडेपाचशे फेरे. आता इतक्या रोधाची गरज उरली नाही. मूठ पुढच्या बिंदूवर नेली की रोध ४.८९ ओहम उरतो, करंट पुन्हा ३० वर उडी घेतो आणि पुन्हा उतरतो. तो २० वर येईपर्यंत वेग नऊशेच्या पुढे गेलेला असतो. असे एकेक पाऊल टाकत शेवटी बाहेरचा सगळा रोध निघून जातो. स्टार्टरचा रोध दर पावलाला आपले काम बॅक ईएमएफकडे सोपवत जातो. भार फार जड असेल आणि करंट उतरतच नसेल, तर मूठ पुढे रेटण्यात अर्थ नाही : वेग आलेला नसतो आणि रक्षक अजून जागेवर नसतो.

म्हणूनच मूठ झपाट्याने फिरवली तर फ्यूज जातो, आणि मधल्याच बिंदूवर रेंगाळत ठेवली तर थोड्या वेळासाठी बनवलेले ते रोध लाल होतात. ॲमीटरच्या काट्याकडे बघत मूठ चालवावी. काटा उतरून स्थिरावला की पुढचा बिंदू.

मुंबईच्या लोकलमध्ये हेच तत्त्व अनेक दशके धावले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेवरची लोकल निघाली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. सुटताना आधी मोटरी एकसरीत जोडायच्या, म्हणजे व्होल्टेज त्यांच्यात वाटले जाते. वर रोधही घालायचा. गाडीने वेग घेतला की रोध टप्प्याटप्प्याने काढायचा आणि मग मोटरी समांतर करायच्या. जुन्या गाडीने स्टेशन सोडताना जाणवणाऱ्या छोट्या छोट्या हिसक्यांमागे रोध निघण्याचे हे टप्पे होते. त्या मोटरी सिरीज प्रकारच्या असत. त्यांत फील्डही आर्मेचरच्याच करंटवर चालते, म्हणून लोखंड संपृक्त होईपर्यंत करंट दुप्पट झाला की टॉर्क चौपट होतो. भरलेली गाडी जागची हलवायला हे उपयोगी पडते.

फील्ड तुटली तर

बॅक ईएमएफ दोन गोष्टींवर उभी असते : वेग आणि चुंबकीय क्षेत्र. वेग नसला तर काय होते ते पाहिले. क्षेत्र गेले तर जास्त धोकादायक गोष्ट घडते.

आधी क्षेत्र थोडेसे, शंभरातले दहा, कमी करू. वेग क्षणात बदलत नाही, म्हणून बॅक ईएमएफ लगेच २०० वरून १८० होते. फरक ४० व्होल्ट, करंट ४० अँपिअर. क्षेत्र नऊ दशांश आणि करंट दुप्पट, म्हणजे टॉर्क १.८ पट. मोटर वेग घेऊ लागते. चुंबक कमजोर केला आणि मोटर जोरात पळाली, हे ऐकायला उलटे वाटते. पण क्षेत्रातली घट लहान होती आणि तिने करंट फार वाढवला, हे ध्यानात घेतले की उलटे वाटत नाही.

आता फील्डची तार पूर्ण तुटली असे समजू. पोलांत फक्त उरलेले चुंबकत्व राहते. ते मूळच्या पाच टक्के धरले, तर बॅक ईएमएफ १० व्होल्टवर कोसळते आणि करंट २१० अँपिअरकडे झेप घेतो. टॉर्क सुमारे निम्मा उरतो. मोटरवर पूर्ण भार असेल तर ती मंदावत थांबते आणि जळते. भार नसेल, तर हा निम्मा टॉर्क तिला पळवायला पुरेसा असतो. बॅक ईएमएफ २२० च्या जवळ नेण्यासाठी तिला आता वीसपट वेग हवा. तिथवर ती पोहोचत नाही. त्याआधीच खाचांतले कंडक्टर बाहेर फेकले जाऊन आर्मेचर फुटते.

थ्री-पॉइंट स्टार्टरमध्ये मूठ धरून ठेवणारे नो-व्होल्ट कॉइल फील्डच्या एकसरीत जोडलेले असते, त्याचे कारण हे. फील्डचा करंट तुटला की कॉइलचे चुंबकत्व जाते, स्प्रिंग मुठीला मागे खेचते आणि मोटर बंद होते. मूठ निसटते म्हणून ती दोऱ्याने बांधून ठेवलेली मी एका वर्कशॉपमध्ये पाहिली आहे. ती मूठ का निसटत होती, हे आधी शोधायला हवे होते. दोऱ्याने मोटरचा शेवटचा पहारेकरीच बांधून ठेवला होता.

शाफ्ट अडकल्यावरही हीच परिस्थिती, फक्त वेगाच्या बाजूने. पंपात काही अडकले, बेअरिंग जाम झाले, की वेग जातो आणि त्याबरोबर बॅक ईएमएफ. ॲमीटर किंवा क्लॅम्प मीटर पाटीवरच्या करंटच्या कितीतरी वर जातो, मोटर घुमते पण फिरत नाही, आणि थोड्याच वेळात वार्निश जळल्याचा वास येतो. यांपैकी काहीही दिसले की आधी पुरवठा बंद करावा आणि मग शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.

डोळ्यांनी पाहण्यासाठी

हे सगळे सूत्रावर विसंबून मानायचे कारण नाही. मोटर बिनभाराची पूर्ण वेगाने चालू असताना आर्मेचरच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावा. काटा २२० वर असेल. आता फील्ड तशीच चालू ठेवून फक्त आर्मेचरचा स्विच उघडा. फील्डला हात लावायचा नाही, हे कायम लक्षात ठेवा.

पुरवठा तुटला. काटा शून्यावर पडायला हवा, असे वाटते. तो पडत नाही. २१८ च्या आसपास थांबतो, कारण बिनभाराच्या मोटरला दीडएक अँपिअरच लागत होते आणि रोधावर तेवढेच व्होल्ट पडत होते. आता बाहेरून काहीच येत नाही. काटा जे दाखवतो ते आठशे तारांनी क्षेत्र कापून स्वतः तयार केलेले आहे. आर्मेचर मंदावत जाते आणि काटाही त्याच्याबरोबर उतरत जातो : १५०, १००, ५०. आर्मेचर थांबते, काटा शून्यावर येतो. मुले तेव्हा गप्प उभी असतात, आणि फळ्यावरचा प्रश्न पुसायचा राहिलेला असतो. तो पुसायला मी त्यांच्यातल्याच कुणाला तरी सांगतो.